घातांक आणि लॉग, एकाच पानावर

परीक्षेच्या आदल्या रात्री घातांक आणि लॉग यांची सूत्रं एका पानावर उतरवायची असतील, तर ती वरपासून खालपर्यंत एकामागून एक लिहून काढू नका. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे घातांकाचा नियम लिहा आणि त्याच ओळीत, रेघेच्या उजवीकडे, त्याच्या जोडीचा लॉगचा नियम. असं केलं की पाठ करायच्या दोन याद्या उरत नाहीत, कारण लॉग हा घातांकच असतो. पानावरची पहिली ओळ हेच सांगते:

2³ = 8  |  log₂ 8 = 3

दोन्ही बाजूंना एकच गोष्ट लिहिली आहे. उजवीकडची बाजू विचारते, 2 चा कितवा घात केला की 8 येतात? उत्तर 3. पाया दोन्हीकडे 2 च आहे, फक्त डावीकडे डोक्यावर बसलेला 3 उजवीकडे उत्तर म्हणून मोकळा झाला आहे. लॉगचं कुठलंही गणित अडलं की ते आधी या डाव्या रूपात लिहून पाहावं. निम्मी गणितं तिथेच सुटतात.

दुसरी ओळ गुणाकाराची:

aᵐ × aⁿ = aᵐ⁺ⁿ  |  log (xy) = log x + log y

डावीकडचं उदाहरण: 2³ × 2⁴ = 2⁷ = 128. पाया सारखा असेल तर घातांकांची बेरीज होते. लॉग म्हणजे घातांक, म्हणून गुणाकाराच्या लॉगमध्येही बेरीजच येणार. उजवीकडे पाया 10 घेऊन लिहा: log 6 = log 2 + log 3 = 0.3010 + 0.4771 = 0.7781. लॉग टेबल उघडून 6 चा लॉग पाहिला तर 0.7782 सापडतो, शेवटच्या अंकातला फरक फक्त पूर्णांकनाचा. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनं १६१४ साली लॉगची कोष्टकं प्रसिद्ध केली ती याच सोयीसाठी. खगोलशास्त्रातले लांबलचक गुणाकार बेरजेवर आणायचे होते. घातांक आज लिहितो तसा वर उजवीकडे लिहायची पद्धत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानंतर रुळली. म्हणजे आपण शाळेत आधी घातांक शिकतो आणि मग लॉग, पण इतिहासात लॉग आधी आला.

भागाकाराची ओळ यातूनच निघते, तिथे बेरजेच्या जागी वजाबाकी. 3⁵ ÷ 3² = 3³ = 27, आणि उजवीकडे log 5 = log 10 − log 2 = 1 − 0.3010 = 0.6990. हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे. 2, 3 आणि 7 यांचे लॉग (0.3010, 0.4771, 0.8451) लक्षात असले तर 5 चा वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही.

याच ओळीखाली शून्य आणि ऋण घातांक लिहा. 5² ÷ 5² चं उत्तर 1, आणि नियमाप्रमाणे ते 5⁰. म्हणून 5⁰ = 1, आणि रेघेपलीकडे log 1 = 0. तसंच 2⁻³ = 1/8, म्हणून log₂ (1/8) = −3. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला लॉग टेबल वापरताना याचीच गरज लागते. 0.02 म्हणजे 2 × 10⁻², म्हणून त्याचा लॉग −2 + 0.3010. टेबलाच्या रीतीनं तो 2 वर बार काढून पुढे .3010 असा लिहितात. बार फक्त 2 पुरता असतो, दशांशचिन्हानंतरचा भाग धनच राहतो. सगळी संख्या ऋण धरून −2.3010 लिहिलं की अँटिलॉग 0.005 येतो आणि उत्तर चौपटीनं चुकतं. खरी किंमत −1.6990 आहे.

पुढची ओळ घाताच्या घाताची:

(aᵐ)ⁿ = aᵐⁿ  |  log xⁿ = n log x

(2³)² = 2⁶ = 64. कंस नसेल आणि 3 च्याच डोक्यावर 2 असेल, तर ते 2⁹ म्हणजे 512 होतं. अपूर्णांकी घातही इथेच बसवा: 27^(2/3) साठी आधी घनमूळ 3, मग त्याचा वर्ग 9. उजवीकडे 2⁵⁰ मध्ये किती अंक आहेत ते काढू. log 2⁵⁰ = 50 × 0.3010 = 15.05. म्हणजे ही संख्या 10¹⁵ पेक्षा मोठी आणि 10¹⁶ पेक्षा लहान, म्हणून तिच्यात 16 अंक.

पाया बदलण्याचं सूत्र तेवढं उजव्या बाजूला एकटंच राहतं: log₈ 32 = log₂ 32 / log₂ 8 = 5/3. पडताळा डावीकडे करता येतो: 8^(5/3) म्हणजे 2⁵, म्हणजे 32.

घाईत मुलं चुकतात ती बहुतेक वेळा नसलेली सूत्रं वापरल्यामुळे. 2³ + 2⁴ ला सूत्र नाही, 8 आणि 16 मिळवून 24 च करावे लागतात. log (x + y) लाही सूत्र नाही. शंका आली तर 10 आणि 10 घालून पाहा: log 20 = 1.3010, पण log 10 + log 10 = 2. तसंच log 8 / log 2 म्हणजे 3, आणि log (8/2) म्हणजे log 4, म्हणजे 0.6021. पहिल्यात दोन लॉगचा भागाकार आहे, दुसऱ्यात भागाकाराचा लॉग.

पानाच्या तळाशी चौकट काढून अट लिहा: पाया धन आणि 1 सोडून, आणि ज्याचा लॉग घ्यायचा ती संख्या धन. 1 चे सगळे घात 1 च येतात म्हणून तो पाया चालत नाही, आणि धन पायाचा कुठलाही घात ऋण किंवा शून्य होत नाही. ही अट विसरल्यानं गुण कुठे जातात ते या समीकरणात दिसतं:

log₂ x + log₂ (x − 2) = 3

दुसऱ्या ओळीचा नियम लावला की log₂ [x(x − 2)] = 3. डाव्या रूपात गेलो की x(x − 2) = 8, म्हणजे x² − 2x − 8 = 0, म्हणजे (x − 4)(x + 2) = 0. दोन उत्तरं आली, 4 आणि −2. मूळ समीकरणात 4 घातले तर 2 + 1 = 3, बरोबर. −2 घातले तर log₂ (−2) येतो, आणि असा लॉग नसतो. मग हे उत्तर शिरलं कुठून? x = −2 असताना x आणि x − 2 दोन्ही ऋण आहेत, पण त्यांचा गुणाकार 8 धन आहे. दोन लॉग एकत्र केले त्याच पायरीला अट सैल झाली.

म्हणून ऋण उत्तर दिसलं की खोडायचं, असं मात्र नाही. log₂ x² = 6 मध्ये x² = 64, आणि 8 व −8 दोन्ही उत्तरं खरी आहेत, कारण लॉग x² चा घेतला आहे आणि तो धनच आहे. इथे सवयीनं 2 log₂ x = 6 लिहिलं तर −8 हातचं जातं. n log x चा नियम x धन असतानाच चालतो, आणि पानावर त्या ओळीशेजारी x > 0 एवढं लिहून ठेवलेलं असावं.