स्लॅब वेळेत झाला, पण टेकू कधी काढले?

साइट सुपरवायझरची वार्षिक पगारवाढ बहुतेक एकाच प्रश्नावर ठरते: स्लॅब तारखेला भरला का? सुरक्षितता, मालाची नासाडी आणि मजुरांची हाताळणी यांचे रकाने फॉर्मवर असतात, पण ते अंदाजाने भरले जातात. खरे तर तारीख कशी गाठली, हे याच रकान्यांतून कळते.

समजा, पाच मजली इमारतीचे काम आठवडाभर मागे पडले आहे. ते भरून काढायचा सोपा मार्ग म्हणजे खालच्या मजल्याचे टेकू लवकर काढून सेंट्रिंगचे सामान वर चढवणे. आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचे टेकू गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर किमान ७ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावे लागतात. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीपीसी सिमेंटला आणखी वेळ द्यावा लागतो. म्हणून मूल्यमापनाला बसताना स्लॅब भरल्याची आणि टेकू काढल्याची तारीख शेजारी शेजारी मांडावी. पाच मीटरच्या गाळ्याचे टेकू दहाव्या दिवशी निघाले असतील, तर वेळापत्रकाचे गुण तिथेच कापावेत. ‘वर्षभरात एकही अपघात नाही’ हा दाखलाही एकट्याने पुरत नाही. निसटलेली फळी, वरून पडलेला हातोडा यांची एकही नोंद वहीत नसेल, तर मला ती वहीच संशयास्पद वाटते.

नासाडी मात्र वजनकाट्यावर सिद्ध होते. समजा १०,००० किलो सळई आली. बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे ९,२०० किलो कामात गेली आणि ४०० किलो अख्खी शिल्लक आहे. उरलेल्या ४०० किलोंपैकी भंगार भरले २८० किलो. मग १२० किलो गेली कुठे? लगेच चोरीचा आळ घेऊ नये. वरची जाळी उचलून धरणाऱ्या खुर्च्या अनेकदा शेड्यूलमध्ये धरलेल्याच नसतात. आधी त्या मोजाव्यात. भंगाराचा दोषही सरसकट सुपरवायझरचा नसतो. बारा मीटरच्या सळईतून ४.३ मीटरचे दोन तुकडे निघतात आणि ३.४ मीटर उरते. तो तुकडा दुसऱ्या जागी बसवण्याची यादी त्याने फिटरला कापण्याआधी दिली होती का, एवढेच विचारावे. नकाशा उशिरा मिळाला असेल, तर दोष कार्यालयाचा.

मजुरांच्या बाबतीत हजेरीपुस्तकापेक्षा साइट डायरी जास्त बोलते. वीस बिगारी दुपारपर्यंत बसून राहिले, असे त्यात दिसले तर कारण शोधावे. काँक्रीटची गाडी उशिरा आली असेल तर तो नाइलाज. सेंट्रिंगची तपासणीच आदल्या दिवशी झाली नसेल, तर ती सुपरवायझरची चूक. कारण त्याच दिवशी लिहिलेले असावे. महिन्याअखेरीस एका शाईत, एका दमात भरलेली डायरी ग्राह्य धरू नये.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल, तर पुढच्या बैठकीत बिल्डरकडे ‘ताबा कधी?’ याआधी टेकू काढल्याच्या तारखांची नोंद मागा.