रोहिणी किती मोठी? ताऱ्यांची आकृती वाचताना

हिवाळ्यातल्या रात्री मृगाच्या पश्चिमेला तांबूस रोहिणी सहज डोळ्यांत भरते. तिच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,९०० केल्विन आहे. सूर्याचे ५,८०० आहे, म्हणजे रोहिणी सूर्यापेक्षा बरीच थंड. हंस तारकासमूहात ६१ क्रमांकाची एक जोडी आहे. तिच्यातल्या मंद ताऱ्याचे तापमान ४,००० केल्विनच्या आसपास, रंगही रोहिणीसारखाच नारिंगी. ही जोडी आपल्यापासून अवघ्या ११.४ प्रकाशवर्षांवर आहे आणि रोहिणी सुमारे ६६ प्रकाशवर्षांवर. तरीही रोहिणी शहरातून दिसते आणि हंसातली जोडी शोधायला काळोखे आकाश आणि धीर दोन्ही लागतात.

अंतराचा हिशेब धरला तर रोहिणीचे खरे तेज सूर्याच्या चारशेपटीहून अधिक भरते. हंसातल्या त्या ताऱ्याचे तेज सूर्याच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे. रंग एक, तापमान जवळपास एक आणि तेजात सुमारे साडेचार हजारपटींचा फरक!

कोपनहेगनमध्ये रसायन अभियांत्रिकी शिकून खगोलशास्त्राकडे वळलेल्या एयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी १९०५ आणि १९०७ सालच्या लेखांत नेमके हेच दाखवले, की तांबड्या ताऱ्यांमध्ये अतितेजस्वी आणि अतिमंद असे दोन वेगळे गट आहेत. त्यांना आधार मिळाला तो हार्वर्डच्या वेधशाळेत अँटोनिया मॉरी यांनी केलेल्या वर्णपटांच्या वर्गवारीचा. काही ताऱ्यांच्या वर्णपटातल्या रेषा इतरांपेक्षा बारीक आणि रेखीव आहेत, हे मॉरींनी टिपून ठेवले होते. विरळ वातावरणाच्या फुगलेल्या ताऱ्यांची ती खूण निघाली. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचले. १९१३ मध्ये त्यांनी ताऱ्यांचे ठिपके मांडलेली आपली आकृती लोकांपुढे ठेवली. दोघांच्या नावाने ओळखली जाते ती हीच आकृती.

तिच्यात आडव्या अक्षावर तापमान असते आणि उभ्या अक्षावर खरे तेज. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ होतो तो आडव्या अक्षावर, कारण तापमान उजवीकडून डावीकडे वाढत जाते. निळे, तप्त तारे डावीकडे आणि तांबडे, थंड तारे उजवीकडे. वर्णपटांचे वर्ग ज्या क्रमाने लावले गेले, तोच क्रम अक्षावर कायम राहिला. उभ्या अक्षावर तेज सरळ मोजणीने वाढत नाही. प्रत्येक मोठ्या पायरीला ते दहापट होते. म्हणून आकृतीत वीतभर दिसणारे अंतर प्रत्यक्षात लाखोपटींचे असू शकते.

पण माझ्या मते या आकृतीचे खरे वैभव तिच्या अक्षांवर न लिहिलेल्या तिसऱ्या राशीत आहे. ती राशी म्हणजे ताऱ्याचा आकार. तापलेल्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर किती प्रकाश देईल, हे जवळजवळ केवळ तापमानावर ठरते आणि तापमान दुप्पट झाले की प्रकाश सोळापट होतो. मग रोहिणीचा एक चौरस मीटर हंसातल्या ताऱ्याच्या चौरस मीटरपेक्षा थोडा कमीच प्रकाश देत असेल, तर साडेचार हजारपट तेज येणार कुठून? पृष्ठभागच सुमारे पाच हजारपट मोठा हवा. त्याचे वर्गमूळ काढले की त्रिज्या सत्तरपट येते. सूर्याशी तुलना केली तर रोहिणीची त्रिज्या सुमारे पंचेचाळीसपट भरते. आकृतीच्या उजव्या-वरच्या कोपऱ्यातले तारे राक्षसी का म्हणवतात, हे या एका हिशेबात कळते.

आता हाच हिशेब डाव्या-खालच्या कोपऱ्यात करून पाहू. व्याधाला एक सोबती आहे. व्याध आकाशात किंचित डुलत सरकतो, हे पाहून बेसेल यांनी १८४४ मध्येच त्याचे अस्तित्व सांगितले होते; १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. या सोबत्याचे तापमान सुमारे २५,००० केल्विन, व्याधाच्याही अडीचपट. पण तेज सूर्याच्या चाळिसाव्या भागाएवढेच. तापमान सूर्याच्या ४.३ पट, म्हणून त्याचा प्रत्येक चौरस मीटर साडेतीनशेपट प्रकाश देतो. तरीही एकूण प्रकाश चाळिसावा हिस्सा! म्हणजे पृष्ठभाग सूर्याच्या चौदा हजाराव्या भागाएवढा आणि त्रिज्या सुमारे एकशे अठराव्या भागाएवढी, जवळपास ५,९०० किलोमीटर. पृथ्वीपेक्षा जरासा लहानच. व्याधाला तो किती ओढतो यावरून त्याचे वस्तुमान काढता येते आणि ते भरते सूर्याएवढे. सूर्याचे सगळे द्रव्य पृथ्वीएवढ्या गोळ्यात कोंबलेले, असा हा श्वेत बटू.

या दोन कोपऱ्यांच्या मधून, डाव्या-वरच्या टोकापासून उजव्या-खालच्या टोकापर्यंत, तिरका पट्टा जातो. तो मुख्य क्रम. आपल्या परिसरातले दहातले जवळजवळ नऊ तारे याच पट्ट्यात बसतात. सूर्य इथेच आहे, व्याध इथेच आहे, हंसातली जोडीही इथेच. या पट्ट्यावरचे तारे गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करत असतात आणि पट्ट्यावर कोण कुठे बसेल हे मुख्यतः वस्तुमान ठरवते. व्याधाचे वस्तुमान सूर्याच्या दुप्पट आहे, पण तेज पंचवीसपट. इंधन दुप्पट आणि उधळपट्टी पंचवीसपट, म्हणून सूर्य जिथे हजार कोटी वर्षे या पट्ट्यावर काढतो, तिथे व्याध शंभर कोटींच्या आसपासच टिकणार.

इथे एक चूक हमखास होते. पट्टा दिसला की तारे त्यावरून घसरत जात असावेत असे वाटते. खुद्द रसेलही तसेच मानत होते. पण तारा पट्ट्याच्या लांबीवरून प्रवास करत नाही. तो आपल्या जागेच्या आसपास आयुष्याचा मोठा भाग घालवतो आणि गाभ्यातला हायड्रोजन संपला की फुगून, थंड होऊन उजवीकडे वर जातो. सूर्यासारखा तारा पुढे बाहेरचे थर सोडून देतो आणि उरलेला गाभा श्वेत बटू म्हणून खालच्या कोपऱ्यात निवत राहतो. पट्ट्यात गर्दी आहे ती तिथला मुक्काम लांब असल्यामुळे.

दुसरी चूक अंतराची, आणि तिचे उदाहरण पुन्हा रोहिणीच. रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा शकट हा खरा तारकागुच्छ आहे, सुमारे १५० प्रकाशवर्षांवरचा. रोहिणी त्यातलीच वाटते. तिला गुच्छाचे अंतर लावून आकृतीवर मांडली, तर तिचे तेज पाचपट फुगते आणि आकारही दुपटीहून मोठा निघतो. ठिपका चुकीच्या जागी पडतो, पण आकृती पाहून ते उमगत नाही, कारण तेवढ्या तेजाचे राक्षसी तारेही असतात. चूक पकडायची तर लंबन मोजावे लागते किंवा ताऱ्यांची सरक पाहावी लागते. गुच्छातले तारे एका दिशेने, एकत्र सरकतात. रोहिणी त्यांच्यात सामील नाही.

तिला बाजूला काढून उरलेल्या शकटाचे ठिपके मांडले, की मुख्य क्रमाचा डावा-वरचा भाग रिकामा दिसतो. तिथले जड तारे संपून गेले आहेत. पट्टा जिथून उजवीकडे वळतो, तिथल्या ताऱ्यांचे आयुर्मान हेच गुच्छाचे वय, शकटासाठी साधारण ६० ते ७० कोटी वर्षे. कृत्तिकांमध्ये निळे तारे अजून जागेवर आहेत, म्हणून त्यांचे वय दहा-बारा कोटींच्या घरात येते. शकटात मात्र चार तारे पट्टा सोडून राक्षसी झाले आहेत आणि काही श्वेत बटूही सापडले आहेत.