गोदामाची किल्ली कुणाकडे?

निपाणीत तंबाखूचा व्यापार जुना, त्यामुळे गोदाम भाड्याने घेणं-देणंही रोजचंच. तरी दोन समजुती इतक्या पक्क्या आहेत की करार वाचायचं राहून जातं. पहिली, गोदामात मालाला काही झालं तर मालक भरून देतो. दुसरी, भाडं थकलं की मालक माल अडवू शकतो.

दोन्हींचं उत्तर किल्लीशी येऊन ठरतं. गाळा भाड्याने घेतला आणि कुलूप तुमचं, तर मालक फक्त घरमालक. माल त्याच्या ताब्यात नाहीच. पण पोती मोजून त्याच्या हवाली केली, पावती घेतली आणि किल्ली त्याच्याकडे राहिली, तर तो मालाचा राखणदार. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, तशाच मालाची स्वतःसाठी सामान्य शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी त्याने घ्यायची. ती घेऊनही नुकसान झालं, तर वेगळा करार नसताना तो जबाबदार नाही. मात्र काळजी घेतली हे त्यानेच दाखवायचं.

समजा, व्यापाऱ्याने महिना ८,००० रुपयांनी गाळा घेतला आणि कुलूप स्वतःचं लावलं. जूनमध्ये पत्रा गळून शंभर पोती तंबाखू भिजली. छपराची दुरुस्ती मालकाने करायची, असं करारात नसेल तर भरपाई मागणं अवघड. पत्रा गळतो हे ठाऊक असून मालकाने लपवलं असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून दुरुस्तीची ओळ भाड्याच्या आकड्याइतकीच नीट वाचावी. विमाही मालाच्या धन्यानेच उतरवावा.

काय ठेवायचं हेही लिहून घ्यावं. ओलसर तंबाखू थप्पीत तापते, बुरशी धरते, शेजारच्या मालालाही बाधते. ओल माहीत असून न सांगता माल राखणदाराच्या हवाली केला, तर त्यातून झालेलं नुकसान ठेवणाऱ्याच्या अंगावर येतं. ठरलेल्या मालात पेट्रोलचे डबे घुसवले, तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

आता अडवणूक. याच व्यापाऱ्याचं तीन महिन्यांचं, म्हणजे २४,००० रुपये भाडं थकलं आणि मालकाने बाहेरून आपलं कुलूप लावलं. हा हक्क त्याला नाही. कलम १७१ मध्ये सर्वसाधारण धारणाधिकार बँकर, आडत्या, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल यांनाच आहे. गाळ्याचा मालक त्यात नाही. कलम १७० चा हक्क मालावर मेहनत किंवा कसब खर्ची घातलेल्याला मिळतो. नुसती राखण त्यात बसत नाही. २००७ च्या वखार कायद्याखाली नोंदणी झालेल्या वखारीला मात्र साठवणुकीच्या आकारासाठी माल रोखता येतो. म्हणून पावती घेताना नोंदणी विचारावी.

करारात माल रोखण्याचं कलम असलं, तरी रोखणं आणि विकणं एक नव्हे. गाळ्याच्या मालकाचा रस्ता थकबाकीची नोटीस आणि मग न्यायालयात वसुलीचा दावा हाच. कुलूप लावून बसलेल्या काळात तंबाखू खराब झाली, तर व्यापारी उलट त्याच्याकडेच भरपाई मागू शकतो.