बंधारा मोजला, पाणी मोजलं का?

नाला खोलीकरणाचं काम सुरू असलं की वर कळवलं जातं: पोकलेन किती तास चालला, किती मीटर खोदाई झाली, निधी किती खर्ची पडला. हे संनियंत्रण. काम अडलं तर वेळीच कळावं, म्हणून ते काम चालू असतानाच करायचं असतं. मूल्यमापन मात्र पुढचं विचारतं: एवढं खोदून गावाची पाण्याची ओढ कमी झाली का, आणि झाली असेल तर ती खोदाईमुळेच का?

या दोन्हींचा पाया म्हणजे लॉगफ्रेम हा तक्ता. १९६९च्या सुमारास तो यूएसएआयडी या अमेरिकी संस्थेसाठी तयार झाला. एक गाव कल्पून तो भरू. निविष्ठा म्हणजे निधी आणि यंत्राचे तास; पुरावा, खर्चाच्या पावत्या. आउटपुट म्हणजे १० टीसीएम, अर्थात एक कोटी लिटर साठवणक्षमता. पुरावा, मोजमाप पुस्तिका. परिणाम म्हणजे मे महिन्यात विहिरींची पातळी वाढणं, टँकर बंद होणं, रब्बीचं क्षेत्र ४० वरून ६० हेक्टरवर जाणं. शेवटच्या रकान्यात गृहीतकं: पाऊस बरा होईल, नव्या बोअर पडणार नाहीत, वाढलेलं पाणी उसाला जाणार नाही. हा रकाना बहुतेकदा उरकायचा म्हणून भरलेला असतो, आणि योजना नेमकी तिथेच फसते.

दुसरी गफलत टीसीएमची. क्षमता म्हणजे पाणी नव्हे. खड्डा रिकामाही राहू शकतो. तरीही अहवालात हाच आकडा 'परिणाम' म्हणून मिरवतो. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. २०२०च्या कॅग अहवालानुसार मात्र तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत साठा पिण्याच्या आणि शेतीच्या गरजेला पुरत नव्हता. कामं झाली होती, प्रश्न त्यांच्या पुढचा होता.

आता पाऊस. मराठवाड्यात २०१५ला दुष्काळ, २०१६ला चांगला पाऊस. मे २०१६ची पातळी आधारभूत धरून मे २०१७शी तुलना केली, तर काम न करताही 'यश' दिसेल. समजा आपल्या गावात पातळी दोन मीटर वर आली. तसाच खडक, तसाच पाऊस असलेल्या, पण काम न झालेल्या शेजारच्या गावात ती दीड मीटर वर आली. मग बंधाऱ्याच्या नावावर साधारण अर्धा मीटरच टाकता येतो.

त्यासाठी बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या आठ-दहा विहिरी, शिवाय शेजारगावच्या काही, काम सुरू होण्याआधीच ऑक्टोबर आणि मे महिन्यांत मोजून ठेवाव्या लागतात. एकदा पोकलेन नाल्यात उतरला की ती नोंद कितीही पैसे देऊन मिळत नाही.