ग्रह नाही, हे सांगण्यासाठी घेतलेलं व्यासपीठ

जानेवारी 1992च्या मध्यावर अमेरिकेतल्या अटलांटा शहरात अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेचं अधिवेशन भरलं होतं. अँड्र्यू लाइन हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ तिथं बोलायला उभे राहिले. त्यांना बोलावलं होतं ते त्यांनी शोधलेल्या एका ग्रहाबद्दल ऐकण्यासाठी. सूर्यमालेबाहेर ग्रह असल्याचा भक्कम पुरावा तोवर कुणाच्याच हाती नव्हता, त्यामुळे सभागृहात उत्सुकता होती. लाइन यांनी मात्र सांगितलं की तो ग्रह अस्तित्वातच नाही आणि चूक आमच्या गणितात होती. ती चूक नेमकी कुठं आणि कशी झाली, हेही त्यांनी समजावून दिलं. बोलणं संपल्यावर श्रोत्यांनी त्यांना दीर्घकाळ टाळ्यांनी दाद दिली.

आपणच जाहीरपणे सांगितलेली गोष्ट चुकीची निघाली, तर ती कशी सुधारावी, याचं हे उदाहरण विज्ञानजगतात आजही सांगितलं जातं. बहुतेक वेळा ते लाइन यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट म्हणून सांगतात. तो होताच. पण त्या टाळ्यांमागे आणखी काही होतं: त्या दुरुस्तीची घडण. ती समजायची तर आधी चूक समजून घ्यावी लागते.

मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉड्रेल बँक वेधशाळेत लाइन, मॅथ्यू बेल्स आणि त्यांचे सहकारी पल्सारांचा अभ्यास करत होते. मोठा तारा स्फोट होऊन संपतो, तेव्हा कधी कधी त्याचा गाभा आक्रसून जेमतेम वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा उरतो. तो वेगानं फिरत असतो आणि त्याच्या प्रत्येक फेरीबरोबर रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे येतो. हे ठोके इतके नियमित असतात की पुढचा ठोका कधी येणार, हे आधीच सांगता येतं. अशा ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल, तर ग्रहाच्या ओढीमुळे ताराही थोडा मागेपुढे हलतो. मग ठोके कधी किंचित लवकर येतात, कधी किंचित उशिरा, आणि हे मागेपुढे होणं ग्रहाच्या फेरीच्या तालावर चालतं.

पीएसआर 1829-10 या पल्सारच्या ठोक्यांत असाच हेलकावा दिसला. त्यावरून पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ग्रह सहा महिन्यांत एक फेरी पूर्ण करतो, असा निष्कर्ष निघाला आणि जुलै 1991मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ताऱ्याचा स्फोट होऊनही त्याच्याभोवती ग्रह कसा टिकला, किंवा नंतर कसा जन्मला, याची उत्तरं शोधायला जगभरचे सिद्धांतकार कामाला लागले.

सहा महिने म्हणजे वर्षाच्या बरोबर निम्मे. ज्या पृथ्वीवरून आपण मोजतो, तिच्याच वर्षाशी दूरच्या ग्रहाच्या फेरीचं इतकं सोपं नातं असावं, ही गोष्ट खटकणारी होती. आणि गडबड तिथंच होती.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आपण वर्षात कधी पल्सारच्या बाजूला असतो, कधी विरुद्ध बाजूला. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं अंतर कापायला रेडिओलहरींना सुमारे 500 सेकंद लागतात. म्हणजे निव्वळ आपल्या हालचालीमुळे ठोके आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा येऊ शकतात. हा फरक आकडेमोडीनं वजा करावा लागतो, आणि त्यासाठी पल्सार आकाशात नेमका कुठं आहे, हे अचूक माहीत असावं लागतं. स्थानात एका विकलेची, म्हणजे एका अंशाच्या 3600व्या भागाची चूक असली, तरी वजाबाकीत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे अडीचपट चूक राहू शकते.

समजा, स्थान 400 विकलांनी चुकलं. मग ठोक्यांच्या वेळेत सुमारे एका सेकंदाचा, वर्षभराच्या तालाचा हेलकावा उरेल. असा वार्षिक हेलकावा दिसला की खगोलशास्त्रज्ञ लगेच ओळखतात आणि पल्सारचं स्थान सुधारून तो काढून टाकतात. पण ही सुधारणा करताना पृथ्वीची कक्षा अगदी गोल धरली, तर थोडी बाकी मागे राहते. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. त्यामुळे तिच्या वार्षिक हालचालीत सहा महिन्यांच्या तालाचा एक बारीक हेलकावा मिसळलेला असतो, मुख्य हेलकाव्याच्या सुमारे 120व्या भागाइतका. आपल्या एका सेकंदाला 120नं भागलं, तर सेकंदाचे सुमारे आठ हजारांश येतात. पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाच्या ग्रहामुळे पल्सारच्या ठोक्यांत जेवढा फरक पडायला हवा, तो साधारण एवढाच!

लाइन आणि बेल्स यांच्या बाबतीत हेच घडलं. पल्सारचं सुरुवातीचं स्थान चुकलेलं होतं आणि नंतरच्या दुरुस्तीत कक्षेच्या लंबवर्तुळाचा हिशेब पुरेसा धरला गेला नव्हता. योग्य स्थान घालून मूळ नोंदींवर पुन्हा आकडेमोड केली, तेव्हा सहा महिन्यांचा हेलकावा नाहीसा झाला. त्या आकड्यांत दिसला होता तो पृथ्वीच्याच फिरण्याचा ठसा. ही चूक बाहेरच्या कुणी पकडून दिली नव्हती, अधिवेशनाच्या थोडे दिवस आधी लाइन यांनाच ती सापडली.

आता त्यांच्यापुढे कुठले मार्ग होते ते पाहू. अधिवेशनाला न जाता नंतर कधीतरी एखाद्या दुसऱ्या लेखात ओझरता उल्लेख करता आला असता. ‘नव्या विश्लेषणानुसार ग्रहाबाबत काही शंका निर्माण झाल्या आहेत’ अशी पळवाट ठेवणारी भाषा वापरता आली असती. सगळं बोलणं दिलगिरीतच संपवून चूक नेमकी काय होती, हे धूसर ठेवता आलं असतं. या तिन्ही मार्गांनी ऐकणाऱ्याच्या हाती उपयोगाचं काहीच लागत नाही. दिलगिरीच्या मार्गात तर लक्ष विषयावरून उठून बोलणाऱ्याच्या मनःस्थितीकडे जातं आणि समोरच्यांवर त्याचं सांत्वन करण्याची वेळ येते.

लाइन आणि बेल्स यांनी दुरुस्ती छापली ती ‘नेचर’मध्येच, म्हणजे मूळ दावा जिथं वाचला गेला होता तिथंच. 16 जानेवारी 1992च्या अंकातल्या त्या टिपणाच्या शीर्षकातच या पल्सारभोवती ग्रह नाही, असं सरळ म्हटलेलं होतं. ज्याला फक्त शीर्षक वाचायला वेळ आहे, त्यालाही पुरेशी माहिती मिळावी, अशी ती रचना होती. दुरुस्ती मूळ विधानाच्या शेजारी आणि तितक्याच ठळकपणे असली पाहिजे, कारण चुकीचं विधान ज्यांनी ऐकलं, त्यांच्यापर्यंतच ती पोचायची असते.

पुढची गोष्ट कारणाची. ‘आमची चूक झाली’ एवढ्यावर थांबलं, तर ऐकणाऱ्याला दोन्ही दाव्यांच्या बाबतीत फक्त विश्वास ठेवावा लागतो: काल ग्रह आहे म्हणालात, आज नाही म्हणता. चूक स्थानात आणि कक्षेच्या आकारात होती, असं सांगितलं की जाणकार ते गणित स्वतः करून पाहू शकतो. सहाच महिन्यांचा ताल का दिसला, याचंही उत्तर त्यातच मिळतं. खऱ्या कारणाची खूण हीच असते, की आधी खटकलेली गोष्ट त्यातून आपोआप उलगडते. जे कारण चूक झाली एवढंच सांगतं, पण ती अशीच का दिसली हे सांगत नाही, ते बहुधा अपुरं असतं.

तिसरी गोष्ट व्याप्तीची. ग्रह गेला, पण पल्सार होता तिथंच होता. त्याचे ठोके खरे होते आणि ठोक्यांवरून ग्रह शोधण्याची पद्धतही खरी होती. कोसळलं काय आणि उभं राहिलं काय, हे वेगळं सांगितलं नाही, तर ऐकणारे एक तर सगळंच टाकून देतात, नाहीतर चुकीचा भागही धरून बसतात.

या वेगळेपणाचं महत्त्व त्याच सभागृहात लगेच दिसलं. लाइन यांच्यानंतर बोलायला उभे राहिले अलेक्झांडर व्होल्श्चान, आणि त्यांचाही विषय पल्सारभोवतीचे ग्रह हाच होता. त्यांनी आणि डेल फ्रेल यांनी पीएसआर 1257+12 या पल्सारभोवती दोन ग्रह असल्याचं काहीच दिवसांपूर्वी ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. लाइन नुसतंच ‘आमचं चुकलं’ म्हणून बसले असते, तर संशय दुसऱ्या दाव्यावरही पसरला असता. पण चुकीचं नाव-गाव कळल्यामुळे दुसरा दावा कशावर तपासायचा, हे स्पष्ट होतं. व्होल्श्चान यांच्या पल्सारचं स्थान फ्रेल यांनी अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींच्या मोठ्या समूहानं स्वतंत्रपणे अचूक मोजलेलं होतं. ग्रहांच्या फेऱ्या सुमारे 67 आणि 98 दिवसांच्या होत्या, पृथ्वीच्या वर्षाशी त्यांचं काही नातं नव्हतं. पुढे 1994मध्ये या दोन ग्रहांची एकमेकांवरची ओढही ठोक्यांच्या वेळांत सापडली आणि शंकेला जागा उरली नाही. सूर्यमालेबाहेरचे खात्रीचे पहिले ग्रह म्हणून आज त्यांचीच नोंद आहे.

दुरुस्ती छोटी असली तरी चालते, हे अलीकडचं एक उदाहरण सांगतं. 2018च्या रसायनशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी फ्रान्सिस अर्नॉल्ड यांनी जानेवारी 2020मध्ये समाजमाध्यमावर काही ओळी लिहून स्वतःचा एक शोधनिबंध मागे घेत असल्याचं कळवलं. त्यातले प्रयोग पुन्हा करून तेच निकाल येत नव्हते. ते काम आपण नीट तपासलं नव्हतं, असं त्यांनी स्वतःकडे जबाबदारी घेऊन लिहिलं. काय मागे घेतलं, का आणि जबाबदारी कुणाची, एवढं त्या ओळींत होतं.

अर्थात, अशा दुरुस्तीनं झालेलं सगळं नुकसान भरून येत नाही. पीएसआर 1829-10चा ग्रह कसा जन्मला असेल, यावर ज्यांनी महिनोन्महिने गणितं मांडली, त्यांचा त्या ग्रहापुरता वेळ वायाच गेला. म्हणूनच वेगाला किंमत आहे. चुकीचं विधान जितके दिवस उभं राहतं, तितकं त्यावर दुसऱ्यांचं बांधकाम चढतं. मात्र घाईचाही धोका असतो. कारण न सापडताच दावा मागे घेतला आणि तो नंतर खरा ठरला, तर गोंधळ दुप्पट होतो. लाइन यांनी आधी पुन्हा गणित केलं, हेलकावा नाहीसा झाल्याचं पाहिलं आणि मगच ते उभे राहिले.

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीनंही आज पल्सारांचे ठोके मोजले जातात. तिथल्या नोंदींतूनही पृथ्वीची हालचाल आधी वजा करावी लागते. हा हिशेब जरा चुकला तर आकड्यांत सहा महिन्यांचा खोटा ग्रह उगवू शकतो, याचा छापील पुरावा या क्षेत्रातल्या प्रत्येकाला 1992च्या त्या टिपणात मिळतो. लाइन यांच्या कारकिर्दीवर या प्रकरणाचा डाग राहिला नाही. ते पुढे जॉड्रेल बँकेचे संचालक झाले, आणि एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन पल्सारांची जी एकमेव जोडी सापडली आहे, तिच्या शोधातही 2003-04मध्ये त्यांचा वाटा होता. त्यांच्या ठोक्यांच्या नोंदींवर तेव्हाही जगानं विश्वास ठेवला. आपली नोंद चुकली तर हा माणूस कारणासकट ते सांगेल, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.