काळेपणा म्हणजे मळ नव्हे

नवरात्राआधी कोल्हापुरात घरोघरी देव उजळायला काढतात. चिंचेने ताम्हन लखलखते. पण तीच चिंच हुपरीच्या चांदीच्या निरांजनावर चालत नाही. मग राखेने जोरात घासणे सुरू होते.

चांदीवरचा काळेपणा हा मळ नसतो. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन सल्फाइड (धातू आणि गंधकाचे संयुग) तयार होते. तव्यावरचा गंज जसा तव्याच्याच लोखंडाचा, तसा हा थर चांदीचाच. तो घासून काढला, की तेवढी चांदी जाते.

तांब्या-पितळेवर मुख्यतः ऑक्साइडचा (धातू आणि प्राणवायूच्या संयुगाचा) थर असतो. तो चिंच-मिठाच्या आंबटपणात विरघळतो. सल्फाइड विरघळत नाही.

चांदीसाठी पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरावी. लिटरभर कढत पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून, फॉइलला टेकेल असे निरांजन पाच मिनिटे बुडवावे. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जाते, चांदी जागेवरच राहते. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला, तर क्रिया सुरू झाली समजावे.

खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळ्या ठेवलेल्या नक्षीच्या वस्तूंवर हा उपाय करू नये. पितळही चिंचेत फार वेळ ठेवू नये. जस्त निघून ते लालसर पडते.