उत्तर चुकलं तरी गुण मिळतात, कृती दिसली तर

मार्केटिंगच्या पेपरात दहा गुणांचं गणित आलं की बहुतेक विद्यार्थी आकडेमोड कॅल्क्युलेटरवर करतात आणि वहीत फक्त उत्तर उतरवतात. उत्तर बरोबर असेल तर निभावतं. चुकलं, तर परीक्षकासमोर एक चुकीचा आकडा उरतो आणि त्याला गुण द्यायला कुठेच जागा सापडत नाही. अशा गणितांत गुण पायऱ्यांना वाटलेले असतात. म्हणून पायऱ्या कशा लिहायच्या हे एका उदाहरणातून पाहू.

समजा प्रश्न असा आहे. एक कंपनी आंब्याचं लोणचं विकते. बाटलीची छापील किंमत १५० रुपये. दुकानदार आपल्या विक्री किमतीवर २० टक्के मार्जिन घेतो आणि वितरक त्याच्या विक्री किमतीवर १० टक्के. एका बाटलीमागे बदलता खर्च ६८ रुपये, वर्षाचा स्थिर खर्च ६ लाख रुपये. बाजारात वर्षाला अशा २ लाख बाटल्या खपतात. कर विचारात घेऊ नका. कंपनीला मिळणारी किंमत, प्रत्येक बाटलीमागचं कॉन्ट्रिब्युशन, ब्रेक-इव्हनसाठी लागणारी विक्री आणि त्यासाठी लागणारा बाजारातला हिस्सा काढा. गुण अनुक्रमे ३, २, ३ आणि २.

सुरुवात छापील किमतीपासून करून उलट कंपनीकडे यायचं. दुकानदाराचं मार्जिन १५० च्या २० टक्के, म्हणजे ३० रुपये. म्हणून त्याची खरेदी किंमत १२० रुपये. हीच वितरकाची विक्री किंमत. तिच्यावर १० टक्के म्हणजे १२ रुपये वितरकाचे. कंपनीच्या हाती १०८ रुपये येतात. ही साखळी वहीत एकाखाली एक अशीच दिसली पाहिजे, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कुणाचा आहे हे शब्दांत हवं. नुसतं ‘१५० – ३० = १२०’ लिहिलं तर १२० म्हणजे काय, हे परीक्षकाने ओळखायचं का?

पुढचं सरळ आहे. १०८ मधून ६८ वजा केले की बाटलीमागे ४० रुपये कॉन्ट्रिब्युशन. आधी सूत्र लिहायचं: ब्रेक-इव्हन बाटल्या = स्थिर खर्च ÷ एका बाटलीचं कॉन्ट्रिब्युशन. मग आकडे घालायचे: ६,००,००० ÷ ४० = १५,००० बाटल्या. शेवटी हिस्सा: १५,००० ÷ २,००,००० × १०० = ७.५ टक्के. सूत्र, आकडे घातलेली ओळ आणि एककासकट उत्तर, या तीन ओळींत तीन वेगळ्या गुणांना जागा होते.

आता याच गणितात सर्रास होणारी चूक बघा. विद्यार्थी ‘मार्जिन’ला ‘मार्कअप’ समजतो. मार्जिन विक्री किमतीवर मोजतात, मार्कअप खरेदी किमतीवर. त्यामुळे तो १५० ला १.२ ने भागतो आणि दुकानदाराची खरेदी १२५ काढतो. मग १२५ ला १.१ ने भागून कंपनीची किंमत ११३.६४. कॉन्ट्रिब्युशन ४५.६४ रुपये, ब्रेक-इव्हन सुमारे १३,१४७ बाटल्या, हिस्सा सुमारे ६.६ टक्के. चारही उत्तरं चुकली. वहीत हे चार आकडेच असतील तर बहुधा दहापैकी शून्य.

पण कृती लिहिली असेल तर? परीक्षकाला दिसतं की चूक एकाच जागी आहे आणि ती पहिल्या भागातच झाली आहे. छापील किमतीपासून उलट यायची वाट बरोबर आहे, त्याचा एखादा गुण मिळू शकतो. पुढे विद्यार्थ्याने स्वतःच काढलेल्या ११३.६४ वरून ६८ योग्य रीतीने वजा केले, स्थिर खर्चाला योग्य संख्येने भागलं, हिस्सा योग्य काढला. एका चुकीची शिक्षा एकदाच, हे तत्त्व पाळणारा परीक्षक उरलेले सातच्या सात गुण देतो. केंब्रिज बोर्डाच्या अकाउंटिंगच्या गुणदान पत्रिकांत अशा गुणांपुढे ‘ओएफ’ असं लिहितात. त्याचा अर्थ, विद्यार्थ्याचा स्वतःचा आकडा धरून पुढची कृती तपासा. तेव्हा शून्य आणि आठ यांतलं अंतर केवळ पाच-सहा ओळींचं आहे.

याला मर्यादाही आहेत. हे तत्त्व प्रत्येक विद्यापीठात सारखं पाळलं जात नाही. शिवाय आधीच्या चुकीमुळे पुढचं काम सोपं झालं किंवा उत्तर अशक्य निघालं, तर पूर्ण गुण मिळतीलच असं नाही. ब्रेक-इव्हनसाठी बाजाराचा १३० टक्के हिस्सा लागतो असं उत्तर आलं, तर निदान ‘हे शक्य नाही, आधीची पायरी तपासायला हवी’ असं एक वाक्य लिहावं. वेळ संपत आली असेल तर आकडेमोड सोडून सूत्र आणि त्यात घातलेले आकडे लिहून ठेवावेत. त्या ओळींनाही गुण असतात.

वही देण्याआधी याच क्रमाने नजर फिरवा. मार्जिन कशावर मोजलं, विक्रीवर की खरेदीवर, हे शब्दांत लिहिलंय का? टक्के एकत्र बेरजेने तर काढले नाहीत ना? २० आणि १० मिळून १५० वर ३० टक्के काढले तर किंमत १०५ येते, आणि ती चूक आहे. दुकानदार आणि वितरक यांचे टक्के वेगवेगळ्या किमतींवर आहेत. ब्रेक-इव्हन रुपयांत विचारलं असेल तर १५,००० ला १०८ ने गुणायचं, म्हणजे १६ लाख २० हजार. १५० ने गुणणारे पुष्कळ असतात, पण ती किंमत ग्राहक देतो, कंपनीला मिळत नाही. हिस्सा काढताना वर बाटल्या आणि खाली रुपये असं झालं नाही ना? स्थिर खर्च महिन्याचा आणि विक्री वर्षाची अशी गल्लत? हिस्सा ७.५ वरून ९ टक्के झाला, तर तो दीड टक्क्याने नव्हे, दीड टक्का-बिंदूने वाढला. टक्केवारीत ती वाढ २० टक्के आहे.

दशांशाचंही बघा. मधल्या पायरीत ११३.६४ असं गोळाबेरीज न करता पूर्ण आकडा कॅल्क्युलेटरमध्ये ठेवून पुढे गेलात, तर वरच्या चुकीच्या वाटेनेसुद्धा १३,१४७ ऐवजी १३,१४८ बाटल्या येतात. ब्रेक-इव्हनची संख्या अपूर्णांकात आली तर ती नेहमी वरच्या पूर्ण संख्येला न्यायची. खालच्या संख्येवर कंपनी अजून थोड्या तोट्यातच असते.

प्रश्नात कराचा उल्लेख नसेल तर ‘कर धरलेला नाही’ असं गृहीतक पहिल्याच ओळीत लिहा. छापील किमतीत जीएसटी आलेला असतो, म्हणून परीक्षकाला तुम्ही काय धरलंत ते कळायला हवं. आणि एखादी पायरी चुकली असं वाटलं तरी नवी कृती पूर्ण होईपर्यंत जुनीवर रेघ मारू नका. खोडलेलं सहसा तपासत नाहीत, आणि नवी कृती अर्धवट राहिली तर हातात काहीच उरत नाही.